बहात्तर अंशांपर्यंत आणि परत

(दृश्य: डेअरीचा प्रोसेसिंग हॉल. ओली फरशी, स्टीलच्या पाइपांची जाळी. मधोमध दोन जाड चौकटींत आवळून बसवलेली प्लेटांची चळत.)

थंड टाकीतून आलेलं कच्चं दूध या यंत्रात शिरतं तेव्हा त्याचं तापमान असतं साधारण 4 अंश सेल्सिअस. पाश्चरायझेशन होऊन बाहेर पडतं तेव्हाही 4 अंशच. मधल्या वाटेवर मात्र ते 72 अंशांपर्यंत तापतं, होल्डिंग ट्यूब नावाच्या लांब नळीतून जाताना किमान 15 सेकंद तेवढंच गरम राहतं आणि मग पुन्हा गार होतं.

म्हणजे 68 अंश चढायचे आणि लगेच 68 अंश उतरायचे. तासाला 10,000 लिटर दूध असेल, तर या चढणीसाठी साधारण 760 किलोवॉट उष्णता सतत द्यावी लागेल. आणि पुढच्याच टप्प्यावर तेवढीच उष्णता थंड पाण्याने काढून टाकावी लागेल. एकीकडे बॉयलर जळतोय, दुसरीकडे चिलिंगचा कॉम्प्रेसर धावतोय, आणि दोघांचं काम एकमेकांच्या विरुद्ध.

यातून वाट अशी निघते, की नुकतंच तापलेलं दूध गार करायचंच आहे आणि नुकतंच आलेलं गार दूध तापवायचंच आहे, तर गरम दुधानेच गार दूध तापवावं. डेअरीत याला रिजनरेशन म्हणतात. फक्त दोन्ही दुधं एकमेकांत मिसळता कामा नयेत. एक पाश्चराइज झालेलं आहे, दुसरं कच्चं.

(दृश्य: सुटी केलेली एक प्लेट, अगदी जवळून. पृष्ठभागावर माशाच्या काट्यासारख्या तिरक्या नागमोडी रेषा, कडेने काळं रबरी गॅस्केट.)

ही प्लेट स्टेनलेस स्टीलची, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दोन प्लेटांमधली फट काही मिलिमीटरची. गॅस्केट अशा रीतीने बसवलेलं असतं की एका फटीत कच्चं दूध शिरतं, शेजारच्या फटीत गरम, त्यापुढच्या फटीत पुन्हा कच्चं. 1923 साली रिचर्ड सेलिगमन यांनी इंग्लंडमध्ये दुधासाठी असं प्लेटांचं यंत्र बाजारात आणलं. प्लेटा सोडवून, घासून, पुन्हा आवळता येतात, हे दुधाच्या धंद्यात त्याचं मोठं बळ ठरलं.

उष्णता या पत्र्यातून कशी जाते, तेही पाहू. पत्रा इतका पातळ आहे, की त्याचा अडथळा थोडाच. खरा अडथळा दुधाचाच असतो. पत्र्याला लगटून दुधाचा एक पातळ थर जवळजवळ जागेवरच सरपटत असतो आणि उष्णतेला तो थर ओलांडावा लागतो, पत्र्याच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा. त्या तिरक्या रेषा आहेत त्या यासाठीच. दूध त्यांवर आदळून सारखं घुसळत राहतं, थर पातळ होतो आणि उष्णता लवकर पार होते.

आता मुख्य प्रश्न. दोन्ही दुधं कोणत्या दिशेने वाहू द्यायची?

(दृश्य: आलेख. डावीकडून दोन रेषा निघतात, लाल 72 वरून खाली, निळी 4 वरून वर.)

समजा, दोन्ही एकाच टोकातून आत सोडली. हा पॅरलल फ्लो. सुरुवातीलाच 72 अंशांचं दूध आणि 4 अंशांचं दूध पत्र्याच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात. फरक 68 अंशांचा, त्यामुळे उष्णता धो धो वाहते. पहिल्या काही वितींत काम जोरात होतं. पण पुढे जावं तसं गरम दूध निवत जातं, गार दूध तापत जातं, फरक आटत जातो. दोन्हीकडे दूध सारखंच आणि प्रवाहही सारखाच, म्हणून दोन्ही रेषा बरोबर मध्यावर, 38 अंशांवर भिडू पाहतात. तिथे फरक शून्य. फरक नाही, तर उष्णताही वाहणार नाही. पुढे शंभर प्लेटा आणखी लावा, कच्चं दूध 38 च्या वर एक अंशही चढणार नाही.

आता फक्त एका दुधाची दिशा उलटी करू. यंत्र तेच, प्लेटा त्याच.

(दृश्य: निळी रेषा उजव्या टोकाकडून निघते. दोन रेषा समांतर, मधे थोडंसं अंतर.)

हा काउंटर फ्लो. आत शिरणारं 4 अंशांचं दूध आता 72 अंशांच्या दुधाला भेटत नाही. त्याला भेटतं बाहेर पडायला निघालेलं, जवळजवळ निवलेलं, 10 अंशांचं दूध. पुढे 30 अंशांवर पोहोचलेल्या कच्च्या दुधाच्या पलीकडे 36 अंशांचं असतं. आणि कच्चं दूध 66 अंशांवर बाहेर पडतं, तेव्हा त्याच्या शेजारी असतं होल्डिंग ट्यूबमधून नुकतंच आलेलं 72 अंशांचं दूध. प्रत्येक ठिकाणी फरक 6 अंशांचा. कुठे धबधबा नाही, पण कुठे प्रवाह थांबतही नाही.

नीट पाहिलं तर पॅरलल फ्लोमध्ये उष्णता हरवत नाही, तिचा कस जातो. 72 अंशांची उष्णता 4 अंशांच्या दुधावर खर्च झाली, की ती कोमट होते, आणि कोमट दुधाने दुसरं दूध 66 अंशांपर्यंत तापवता येत नाही. काउंटर फ्लोमध्ये सगळ्यात गरम दूध सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात अवघड चढणीसाठी राखून ठेवलं जातं.

हिशेब पाहा. पॅरलल फ्लोमध्ये अगणित प्लेटा लावल्या तरी बॉयलरला उरलेले 34 अंश चढवावेच लागले असते, म्हणजे साधारण 380 किलोवॉट. काउंटर फ्लोमध्ये उरतात 6 अंश, साधारण 67 किलोवॉट. चिलिंगकडेही तीच बचत, कारण गरम दूध 10 अंशांपर्यंत फुकटात उतरलेलं असतं.

मग 6 अंशच का, 3 का नाही? जमतं, पण फरक अर्धा केला की उष्णता निम्म्या वेगाने वाहते, आणि तेवढंच काम करून घ्यायला जवळपास दुप्पट प्लेटा लागतात. वाचतात फक्त 3 अंश. शिवाय लांबलेल्या वाटेतून दूध ढकलायला पंपाचा जोरही वाढतो. कुठे थांबायचं ते इंधनाचा दर आणि प्लेटांची किंमत पाहून ठरतं.

(दृश्य: ऑपरेटर पॅनेलवरचे आकडे पाहतो आहे.)

चालू यंत्रात एक शत्रू हळूहळू जमत असतो. गरम पत्र्यावर दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियमचे क्षार चिकटतात आणि पांढरट थर बनतो. त्यातून उष्णता नीट जात नाही. प्लेटा न उघडताही हे कळतं. दूध 72 वर ठेवायला, शेवटचे अंश चढवणाऱ्या बॉयलरकडच्या गरम पाण्याचं तापमान तासागणिक वाढवावं लागतं, आणि फटी अरुंद झाल्यामुळे आत शिरताना आणि बाहेर पडतानाच्या दाबातला फरकही वाढतो. मग दूध थांबवून आधी कॉस्टिक, नंतर आम्ल फिरवून यंत्र आतल्या आत धुतात.

दुसरा धोका दिसत नाही. पत्र्याला बारीक छिद्र पडलं, तर कच्चं दूध पाश्चराइज झालेल्या दुधात जाऊ शकतं. म्हणून रिजनरेशनच्या भागात पाश्चराइज झालेल्या दुधाचा दाब मुद्दाम जास्त ठेवतात. गळती झालीच, तर चांगलं दूध कच्च्याकडे जाईल, आणि ते पुन्हा 72 अंशांतून जाणारच आहे. ऑपरेटर या दोन दाबांवर नजर ठेवतो आणि पाश्चराइज बाजूचा दाब कच्च्या बाजूच्या खाली घसरू देत नाही.