बॅटरी जोडलेलीच आहे, मग विभवांतर बदललं कसं?

कपॅसिटरच्या पट्ट्यांमध्ये डायइलेक्ट्रिक सरकवलं की काय स्थिर राहतं, या प्रश्नावर मघाशी समोरून एक उत्तर आलं: "बॅटरी जोडलेली असेल तर विभवांतर स्थिर, काढली असेल तर प्रभार स्थिर." एकटाच कपॅसिटर असेल तर हे अगदी बरोबर आहे. पण शेजारी दुसरा कपॅसिटर आला की याच वाक्याच्या भरवशावर गणितं चुकतात. आज तेवढंच बघू.

समजा, ६ मायक्रोफॅरडचे दोन सारखे कपॅसिटर आहेत आणि १२ व्होल्टची बॅटरी आहे. दोन्ही एकसर जोडणीत लावले. मिळून धारिता ३ मायक्रोफॅरड, प्रत्येकावर प्रभार ३६ मायक्रोकूलोम, विभवांतर ६-६ व्होल्ट. आता बॅटरी तशीच ठेवून पहिल्याच्या पट्ट्यांमधली पूर्ण जागा भरेल असा डायइलेक्ट्रिकचा तुकडा सरकवला. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ धरू, म्हणजे पहिल्याची धारिता १८ झाली.

बॅटरी १२ व्होल्टची हमी देते खरी, पण ती जोडीच्या दोन टोकांमधली. त्यातले किती व्होल्ट कोणाच्या वाट्याला जातील, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. ते ठरतं मधल्या तुकड्यावर. पहिल्याची उजवी पट्टी, दुसऱ्याची डावी पट्टी आणि त्यांना जोडणारी तार हे सगळं मिळून एक बेट आहे. बाहेरून तिथे प्रभार येऊ शकत नाही, तिथून बाहेरही जाऊ शकत नाही. सुरुवातीला त्या बेटावरचा एकूण प्रभार शून्य होता, तो शून्यच राहणार. म्हणून दोन्ही कपॅसिटरवरचा प्रभार कायम सारखाच असतो.

आता जोडीची धारिता १८ गुणिले ६ भागिले २४, म्हणजे ४.५ मायक्रोफॅरड. प्रभार झाला ५४. पहिल्यावर ३ व्होल्ट उरले, दुसऱ्यावर ९ व्होल्ट आले. ज्याला आपण हातही लावला नाही, त्याचं विभवांतर दीडपट झालं! तो ८ व्होल्टपर्यंतच टिकणारा असता, तर बिघडला असता तोच, आणि आपण दोष शोधत बसलो असतो पहिल्यात. पहिल्याचं पाहा: बॅटरी जोडलेली असूनही त्याचं विभवांतर निम्मं झालं आणि प्रभारही बदलला. स्थिर काहीच राहिलं नाही.

ऊर्जेचा हिशेब लावू. साठवलेली ऊर्जा २१६ वरून ३२४ मायक्रोज्यूल झाली, म्हणजे १०८ वाढली. बॅटरीने जादा १८ मायक्रोकूलोम १२ व्होल्टवर ढकलले, म्हणजे २१६ मायक्रोज्यूल दिले. उरलेले १०८ कुठे गेले? तुकडा आत ओढला जातो. त्याला हाताने हळूहळू सोडलं, तर ती ऊर्जा आपल्या हातावर काम म्हणून खर्च होते.

आता सुरुवातीलाच बॅटरी काढून ठेवली असती तर? मग बाहेरच्या पट्ट्याही बेटंच झाल्या. प्रभार ३६ वरच अडकला. पहिल्याचं विभवांतर २ व्होल्टवर उतरलं आणि दुसरा होता तसा ६ व्होल्टवर राहिला. एकसर जोडणीत शेजाऱ्याला फरक पडतो तो बॅटरी असताना.

समांतर जोडणीत नेमकं उलट होतं. बॅटरी असेल तर दोघांवर १२ व्होल्ट कायम. पहिल्याचा प्रभार ७२ वरून २१६ होतो, दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. बॅटरी काढली असेल तर मात्र दोघांचा मिळून १४४ मायक्रोकूलोम एवढाच साठा आहे. धारिता एकूण २४, म्हणून विभवांतर ६ व्होल्टवर येतं. पहिल्यावर १०८, दुसऱ्यावर ३६. बॅटरी काढली होती, तरी दुसऱ्याचा निम्मा प्रभार तारेतून पहिल्याकडे गेला. स्थिर राहिली ती बेरीज, कोणा एकाचा वाटा नाही.

हे प्रत्यक्ष मोजायला जाल तर एक अडचण येईल. मी सोयीसाठी मायक्रोफॅरड घेतले. एक मिलिमीटर अंतर असलेला ६ मायक्रोफॅरडचा हवेचा कपॅसिटर करायचा म्हटलं, तर पट्टीचं क्षेत्रफळ पावणेसातशे चौरस मीटरच्या आसपास जातं! टेबलावर मावणारे सपाट पट्ट्यांचे कपॅसिटर पिकोफॅरडमध्ये असतात. गुणोत्तरं तीच राहतात, पण बॅटरी काढून साधा १० मेगाओहमचा व्होल्टमीटर लावला, तर ६ पिकोफॅरडवरचा प्रभार साठ मायक्रोसेकंदांतच बराचसा मीटरमधून वाहून जातो. आकडा दिसायच्या आत तो शून्य झालेला असतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं प्रयोगच फसला. त्यासाठी इलेक्ट्रोमीटर लागतो. त्याचा रोध इतका प्रचंड असतो की तुकडा सरकवून आकडा वाचेपर्यंत प्रभार टिकून राहतो.