फोटोडायोडचा ॲम्प्लिफायर थरथरतो तेव्हा

आधी सीआरओवरचा एक ट्रेस डोळ्यांसमोर आणा. लाल एलईडी चौकोनी लहरीने चालू-बंद होतोय आणि समोर BPW34 हा फोटोडायोड आहे. त्याच्यामागे OPA134 हा ऑप-ॲम्प आणि फीडबॅकमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर. एलईडी लागला की १ मायक्रोॲम्पिअर करंट येतो, म्हणजे आउटपुट १ व्होल्टवर जाऊन थांबायला हवं. ते मात्र पावणेदोन व्होल्टपर्यंत उसळतं, मग अर्ध्या व्होल्टच्याही खाली येतं, पुन्हा वर जातं, आणि पाच-सहा हेलकावे खाऊन मग कुठे १ व्होल्टवर स्थिरावतं. दर हेलकावा सुमारे ८ मायक्रोसेकंदांचा.

एका विद्यार्थ्याने हा ट्रेस माझ्याकडे आणला होता. त्याचं म्हणणं होतं, "सर, ब्रेडबोर्डवर हेच सर्किट व्यवस्थित चालत होतं. पीसीबी केली आणि बिघडलं." मी त्याला ब्रेडबोर्ड परत जोडायला सांगितला. बघतो तर रेझिस्टरचे दोन पाय शेजारशेजारच्या ओळींत. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्येच साधारण २ पिकोफॅरड मिळतात. सर्किट ज्याच्या जोरावर उभं होतं तो कपॅसिटर आकृतीत कुठेच नव्हता, म्हणून पीसीबीतही आला नाही. आज मला तुमच्याशी त्या २ पिकोफॅरडविषयीच बोलायचंय.

हेलकावे येतात कुठून? ऑप-ॲम्प आपला इन्व्हर्टिंग पाय बघत असतो आणि तिथलं व्होल्टेज शून्यावर राहील असं आउटपुट हलवतो. पण आउटपुटची बातमी त्या पायापर्यंत येते ती १ मेगाओहममधून, आणि पायाशी मोठा कपॅसिटन्स बसलेला असतो. BPW34 बायसशिवाय वापरला तर त्याचेच सुमारे ७० पिकोफॅरड. त्यात ऑप-ॲम्पच्या इनपुटचे ७ आणि ट्रॅकचे दोन-तीन धरा, म्हणजे ८० झाले. हा रेझिस्टर आणि हा कपॅसिटन्स मिळून २ किलोहर्ट्झचा लो-पास फिल्टर बनतो. त्याच्या बऱ्याच वर गेलं की फीडबॅक जवळजवळ ९० अंश मागे पडतो. ऑप-ॲम्प स्वतः आणखी ९० अंश मागे असतोच. दोन्ही मिळून १८० होतात, म्हणजे आवरायला पाठवलेला फीडबॅक उलट ढकलायला लागतो.

हे नेमकं कोणत्या फ्रीक्वेन्सीला घडतं, हे दोन आकड्यांवरून कळतं. एक म्हणजे हा २ किलोहर्ट्झ, दुसरा ऑप-ॲम्पचा गेन-बँडविड्थ, OPA134 साठी ८ मेगाहर्ट्झ. दोघांचा गुणोत्तर मध्य काढा, म्हणजे गुणाकाराचं वर्गमूळ. उत्तर येतं १२६ किलोहर्ट्झ. त्याचा आवर्तकाल ८ मायक्रोसेकंद, अगदी ट्रेसवर मोजला तोच. मला ही पडताळणी फार आवडते. हेलकाव्याची फ्रीक्वेन्सी मोजा आणि उलटं गणित करा, पायाशी प्रत्यक्षात किती कपॅसिटन्स आहे तेही कळतं.

आता उपाय. रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर लावला की जलद बदलांना रेझिस्टर टाळून जाणारी वाट मिळते आणि मागे पडलेला फेज परत येतो. किती लावायचा याचं सूत्र असं:

```
Cf = sqrt( Cin / (pi * Rf * GBW) )
```

`Cin` म्हणजे पायाशी असलेला एकूण कपॅसिटन्स, आपले ८० पिकोफॅरड. `Rf` १ मेगाओहम, `GBW` ८ मेगाहर्ट्झ. उत्तर १.८ पिकोफॅरड. या निवडीत फेज मार्जिन, म्हणजे त्या १८० अंशांपासून उरलेलं अंतर, ६५ अंशांच्या आसपास मिळतो आणि बँडविड्थ जवळपास तोच १२६ किलोहर्ट्झ. काही ठिकाणी तुम्हाला `pi` च्या जागी `2*pi` असलेलं सूत्र दिसेल. ते ४५ अंशांचं आहे, त्याने १.२६ पिकोफॅरड येतात. तेही स्थिर असतं, पण पहिली उसळी १५ टक्क्यांच्या घरात जाते. पल्सची उंची मोजायची असेल तर मी ते वापरणार नाही.

इथे एक गोष्ट सुटते. साध्या रेझिस्टरचा आणि त्याच्या पॅडचा मिळून स्वतःचाच ०.२ पिकोफॅरड असतो. त्या विद्यार्थ्याचं सर्किट थरथरलं तरी सतत ऑसिलेट झालं नाही, ते या ०.२ मुळे. हिशेबात हा आधीच आहे, म्हणून १.८ हवा असताना आम्ही १.५ चा एनपीओ सिरॅमिक जोडला. एनपीओच घ्या. स्वस्त सिरॅमिकचा कपॅसिटन्स तापमानाबरोबर सरकतो.

"मग सरळ १० पिकोफॅरड लावून मोकळं व्हावं की," हा प्रश्न दर वेळी येतो. हेलकावे जातील, हे खरं. पण बँडविड्थ १२६ वरून १६ किलोहर्ट्झवर येईल. मंद प्रकाश मोजायचा असेल तर खुशाल लावा, माझी काही हरकत नाही, नॉइजही कमी होईल. मात्र १० मायक्रोसेकंदांचा पल्स बघायचा असेल तर त्याची नुसती टेकडी उरेल.

नॉइजचं मूळ मात्र वेगळंच आहे, आणि तिकडे लक्ष कमी जातं. ऑप-ॲम्पचा स्वतःचा नॉइज दर रूट हर्ट्झला ८ नॅनोव्होल्ट, ऐकायला नगण्य. पण पायाशी ८० पिकोफॅरड असल्यामुळे १०० किलोहर्ट्झच्या आसपास तो तीसपटींहून जास्त मोठा होऊन बाहेर पडतो आणि रेझिस्टरच्या १२९ नॅनोव्होल्टलाही मागे टाकतो. म्हणून वेगही हवा आणि शांतताही हवी असेल, तर फीडबॅक कपॅसिटरशी झटापट करण्याआधी पायाशी असलेला कपॅसिटन्स कमी करा. BPW34 ला ३ व्होल्ट रिव्हर्स बायस दिला की ७० चे साधारण २५ पिकोफॅरड होतात. बँडविड्थ १९० किलोहर्ट्झपर्यंत जाते आणि सूत्र १.२ पिकोफॅरड सांगतं. बदल्यात अंधारातही वाहणारा डार्क करंट येतो, त्यामुळे अगदी अंधुक प्रकाशाच्या मोजमापात मी बायस देत नाही.

बायस देणार असाल तरी बायस नसतानाच्या ७० वर एकदा हिशेब करून बघा. सप्लाय चालू होताना बायस उशिरा चढला, तर तेवढा वेळ डायोड ७० पिकोफॅरडचाच असतो. १.२ वर हे सर्किट तेव्हा थोडं उसळेल, पण ऑसिलेट होणार नाही. फीडबॅक कपॅसिटर अजिबात नसलेलं सर्किट मात्र नेमकं याच क्षणी धिंगाणा घालतं.

तपासताना प्रोब आउटपुटवरच लावा. इन्व्हर्टिंग पायाला १०एक्स प्रोब टेकवला की दहा-पंधरा पिकोफॅरड वाढतात आणि तुम्ही वेगळंच सर्किट मोजत बसता. एलईडी लाल किंवा इन्फ्रारेड घ्या. काही पांढऱ्या एलईडींचा फॉस्फर सावकाश विझतो, त्याची शेपूट ॲम्प्लिफायरच्या माथी मारली जाते. प्रकाशही बेताचा ठेवा, आउटपुट सप्लायला टेकलं तर दिसणाऱ्या आकाराला अर्थ नाही.

त्या पीसीबीवर १.५ जोडल्यावर आउटपुट १ व्होल्टच्या वर जेमतेम ५० मिलिव्होल्ट गेलं आणि बसलं. विद्यार्थ्याने लगेच आकृती उघडली आणि रेझिस्टरच्या डोक्यावर तो कपॅसिटर काढून त्याची किंमत लिहिली.