पायऱ्यांच्या फटीतून पडणारं ऊन

आज मी एकाच जिन्याच्या थ्रीडी मॉडेलबद्दल बोलणार आहे. पुण्यातला दुमजली बंगला, दक्षिणेला छतापर्यंत काच, आणि त्या काचेसमोर लोखंडी स्ट्रिंगरवर, म्हणजे तिरक्या आधारांवर, सागवानी फळ्यांचा जिना. पायरीची उभी बाजू म्हणजे रायझर; इथे ते उघडे, म्हणजे दोन पायऱ्यांमधून पलीकडचं दिसतं. लँडिंगवर वळणारा, साधा डॉगलेग.

पहिल्या खेपेला मी तयार ब्लॉक, म्हणजे जिन्याचं आयतं मॉडेल, उचलला होता. तो सोळा रायझरचा, २७२० मिमी उंचीला बनवलेला. आपली मजल्यापासून मजल्यापर्यंतची उंची ३०६०. मी तो उभा ताणून बसवला. रेंडर छान आलं, घरमालकांनाही आवडलं. त्यांच्या आई मात्र चित्राकडे बघून म्हणाल्या, "हा जिना मला नाही चढवणार." त्यांनी काहीच मोजलं नव्हतं, पण त्यांचं बरोबर होतं. ताणल्यामुळे १७० चा रायझर १९१ झाला होता, आणि राष्ट्रीय इमारत संहितेत घरासाठी कमाल मर्यादा १९० आहे. बरं, ताण नुसता रायझरवर येत नाही. फळी ५० ची ५६ झाली, कठडा ९०० चा १०१२ झाला, गोल पाइप लंबगोल झाला. ताणलेला जिना ओळखायचा असेल तर पाइपचं कापलेलं टोक बघा, ते गोल दिसत नाही.

म्हणून जिना उंचीपासून बांधत या. ३०६० ला अठराने भागलं की १७० येतात. ट्रेड म्हणजे एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर. दोन रायझर अधिक एक ट्रेड मिळून ६०० ते ६४० च्या आसपास बसावं, हा जुना हिशेब आपल्या पावलावरून आलेला आहे. मी ट्रेड २८० धरला, बेरीज ६२०. नऊ रायझर खाली, नऊ वर. एका फ्लाइटमध्ये, म्हणजे लँडिंगपर्यंतच्या सलग चढात, नऊ रायझर असले तरी फळ्या आठच लागतात, कारण नववी पायरी म्हणजे लँडिंगच. ही एक जादा फळी मी कितीतरी मॉडेलमध्ये पाहिली आहे.

उघड्या रायझरच्या जिन्यात फळीची रुंदी आणि ट्रेड एक नसतात. ट्रेड २८०, पण फळी ३०० ची. वरच्या फळीची पुढची कड खालच्या फळीच्या मागच्या कडेवर २० मिमी यायला हवी, नाहीतर वरून उतरताना दोन फळ्यांमध्ये जमिनीची रेघ दिसते आणि पाय बिचकतो. फट किती राहते तेही बघा. १७० मधून फळीचे ५० गेले, राहिले १२०. इंग्लंड-अमेरिकेच्या नियमांत साधारण १०० मिमीचा चेंडू पार जाता कामा नये, असं धरलेलं आहे. लहान मूल घरात असताना मला ते पटतं. म्हणून प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेखाली ३० मिमीची पट्टी लावली, फट ९० वर आली. ही पट्टी लक्षात ठेवा, उन्हाकडे आलो की ती पुन्हा लागेल.

आता हँडरेल. दोन्ही फ्लाइटचे रायझर लँडिंगपाशी प्लॅनमध्ये एकाच रेषेत ठेवले, तर रेल जुळत नाही. खालच्या फ्लाइटची रेल त्या रेषेवर लँडिंगपासून ९०० वर पोचते. वरच्या फ्लाइटची पहिली नोझिंग, म्हणजे पायरीची पुढची कड, त्याच रेषेवर, पण एक रायझर वर, म्हणून तिची रेल १०७० वर. मधले १७० कुठे घालवणार? कोणी उभा तुकडा घालतं, कोणी दोन्ही पाइप एकमेकांत खुपसून कॅमेरा दुसरीकडे वळवतं. प्रत्यक्षात हात तिथे अडकतो.

सुटायचे दोन रस्ते आहेत. दोन्ही रेल आपापल्या उतारावर अर्धा ट्रेड, म्हणजे १४० मिमी, लँडिंगवर पुढे न्या. खालची ८५ चढते, वरची ८५ उतरते, आणि दोघी ९८५ वर भेटतात. तिथून सपाट वळण घ्या. हे दिसायला सुरेख, पण वळणासकट लँडिंगचे दोनशेहून जास्त मिमी खातं. दुसरा रस्ता म्हणजे वरच्या फ्लाइटचा पहिला रायझरच लँडिंगपासून एक ट्रेड मागे सरकवायचा. मग रेल लँडिंगच्या कडेवरच ९०० ला जुळते. जागा मात्र २८० मिमी जास्त लागते. आमच्याकडे ती होती, म्हणून दुसरा घेतला. रेंडरआधी बाजूचा ऑर्थोग्राफिक, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह नसलेला, व्ह्यू काढा. नोझिंगची रेषा आणि रेलची रेषा समांतर चालल्या पाहिजेत, आणि वळणावर रेल कुठे तुटता कामा नये.

उन्हाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीला, घड्याळात साधारण साडेबाराला, दक्षिणेत ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यानंतर तो दुपारी डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि दक्षिणेच्या काचेतून ऊन येत नाही. खिडकीबाहेर गुलमोहर फुललेला आणि आत दुपारच्या उन्हाचे लांब पट्टे, असं चित्र खोटं.

आपली खालची फ्लाइट दक्षिणेकडून उत्तरेकडे चढते. म्हणजे ऊन तिच्या तोंडावर येतं आणि फटीतून पलीकडच्या जमिनीवर पट्टे पाडतं. ४८ अंशांना दर ४३० मिमीला साधारण ६० चा उजेड, बाकी सावली. पट्टी लावली नसती, तर उजेड ९० च्या जवळ गेला असता. रेंडरमध्ये उजेड आणि सावली सारखी रुंद दिसली की समजा, सूर्य फार खाली ठेवला आहे किंवा फळी फार पातळ आहे.

वरची फ्लाइट उलट, उत्तरेकडून दक्षिणेकडे चढते. ऊन तिच्या पाठीकडून, चढत्या टोकाकडून येतं. तिथे एका फळीची सावली दुसरीवर चढते आणि फटी झाकल्या जातात. त्या दिशेने पट्टे हवे असतील, तर सूर्य १२ अंशांच्या खाली हवा. म्हणजे एकाच जिन्याखाली एका बाजूला पट्टे आणि दुसऱ्या बाजूला एकसंध सावली पडते. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मला मॉडेलमध्येच चूक वाटली. मी कागदावर किरण काढले, तेव्हा पटलं.

शेवटचं, सावलीच्या कडा. सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाहून थोडी मोठी दिसते. त्यामुळे किरणाने कापलेल्या प्रत्येक मीटरमागे कड साधारण ९ मिमी मऊ होते. पहिल्या पायरीच्या सावलीची कड जमिनीवर जेमतेम ३ मिमी पुसट असते, लँडिंगजवळच्या पायरीची २२. कठड्याचे गज १२ मिमीचे. सव्वा मीटरपलीकडे त्यांची पूर्ण काळी सावली उरतच नाही, नुसती करडी रेघ राहते. ४० मिमीच्या रेलची सावली मात्र तिथेही घट्ट असते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सन लाइटला `Angle` नावाचं मूल्य असतं, ते ०.५२६ अंशांवर राहू द्या. शून्य केलं की सगळे गज जमिनीवर सुरीने कापल्यासारखे उमटतात. पाच अंश केलं की खालच्या पायरीची कडही धुरकट होते आणि फळ्या जमिनीवर तरंगल्यासारख्या वाटतात. आमच्या दुसऱ्या रेंडरमध्ये पहिल्या पायरीखाली सावलीची रेघ धारदार होती, लँडिंगकडे जाता जाता ती हळूहळू विरत गेली होती, आणि गजांच्या रेघा अर्ध्या वाटेतच करड्या झाल्या होत्या.