नकाशावर 180, कंपासवर 165

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बरेच जण सह्याद्रीत फिरत मोठे झालेत, राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड वगैरे, आणि त्यातल्या काहींनी तिकडे कंपासही वापरला असेल. नकाशावर कोन मोजायचा, तोच डायलवर लावायचा, सुई N वर आणायची आणि चालू लागायचं. मीही तेच करायचो आणि बरोबर पोचायचो, त्यामुळे यात अजून काही पायरी असते हे सिएटलला येऊन दोन वर्षं झाली तरी मला माहीतच नव्हतं.

कारण साधं आहे. नकाशाची उत्तर म्हणजे ध्रुवाकडची खरी उत्तर, आणि सुई वळते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे, आणि या दोन दिशा एक नाहीत. दोघींमधला कोन म्हणजे दिक्पात, इथले लोक नुसतं डेक्लिनेशन म्हणतात. महाराष्ट्रात हा कोन एक अंशाच्याही आत आहे, आणि हातातल्या कंपासवर तर दोन-तीन अंशांपेक्षा बारीक वाचताच येत नाही, म्हणजे तिकडे तो असून नसल्यासारखा. इथे माउंट रेनिअरच्या भागात तो साधारण 15 अंश पूर्व आहे. म्हणजे सुईचं लाल टोक खऱ्या उत्तरेच्या 15 अंश उजवीकडे बघत असतं, कायम.

आता जून महिन्यातली एक दुपार सांगतो. आम्ही चौघं रेनिअरवरच्या कॅम्प म्यूअरवरून खाली पॅराडाइजकडे उतरत होतो. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी, कॅम्प म्यूअर दहा हजार फुटांच्या थोडं वर आहे, पॅराडाइज 5,400 फुटांवर, आणि मधे मोठा उघडा बर्फाचा उतार आहे, म्यूअर स्नोफिल्ड. ऊन असलं की अक्षरशः कुणाच्याही मागे चालत खाली येता येतं. आम्ही निघालो आणि वीसेक मिनिटांत ढग आला, म्हणजे खाली पांढरं, वर पांढरं, पुढचा माणूस दहा पावलांवर पुसट दिसतोय, उतार कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा डोळ्यांना कळेना, पायांनाच कळत होतं. बुटांचे जुने ठसे वाऱ्याने बुजलेले. थांबलो, नकाशा काढला. म्यूअर ते पॅराडाइज सरळ रेष जवळजवळ नीट दक्षिणेला जाते, 180 अंश. (खरं तर वाट तुकड्या-तुकड्यांनी उतरते आणि पार्कवाले प्रत्येक तुकड्याच्या बेअरिंगचा तक्ता देतात, तो जवळ ठेवाच, आणि त्यावरचे आकडे खऱ्या उत्तरेचे आहेत की चुंबकीय ते आधी वाचा. पण समजायला 180 सोपं पडतं.)

मी 180 लावले, सवयीने. आमच्यातल्या एकाला मिळवायचे की वजा करायचे ते सांगणारं कुठलंतरी यमक अर्धवट आठवत होतं, त्याने 15 मिळवले, 195 लावले. तिसरा इथे कोर्स करून आलेला, त्याने वजा केले, 165. आणि आम्ही तिघांनी कंपास छातीशी धरून, सुई N वर आणून, आपापली दिशा हाताने दाखवली तर तीन हात तीन बाजूंना. एकाच बर्फावर, एकाच नकाशावरून. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो मला अजून आठवतो.

मग तो कोर्सवाला मित्र मला म्हणाला, तुझं गणित सोड, आधी सुई जिकडे बघतेय तिकडे तोंड कर. केलं. तो म्हणाला, तुझा कंपास आत्ता काय सांगतो? शून्य. आणि नकाशाच्या हिशोबाने तू कुठे बघतोयस? सुई खऱ्या उत्तरेच्या 15 अंश पूर्वेला, म्हणजे 15. बस्, त्यात सगळं आलं. नकाशाचे 15 म्हणजे कंपासचे 0. मग नकाशाचे 100 म्हणजे कंपासचे 85, आणि नकाशाचे 180 म्हणजे कंपासचे 165. दिक्पात पूर्व असेल तर नकाशावरून कंपासवर येताना वजा. उलट, समोरचा डोंगर कंपासने बघून तो नकाशावर उतरवायचा असेल तर तेच 15 मिळवायचे. पश्चिम दिक्पात असेल, इथून पार पूर्व किनाऱ्यावर, न्यू इंग्लंडकडे गेलात तर तिकडे सुई डावीकडे बघते, तिथे सगळं उलटं. मी यमकं पाठ करायला सांगत नाही. थंडीत, घाबरलेले असताना यमक उलटं आठवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सुईकडे तोंड करून उभं राहणं मात्र उलटं होत नाही.

आता माझं आणि त्या दुसऱ्या मित्राचं काय झालं असतं ते बघा. मी कंपासवर 180 धरून चाललो असतो तर प्रत्यक्षात माझी दिशा 195. खाली उतरताना तोंड दक्षिणेला, म्हणजे 15 अंश उजवीकडे, पश्चिमेला. आणि स्नोफिल्डच्या पश्चिमेला काय आहे? निस्क्वाली ग्लेशियर, क्रेव्हास असलेली, म्हणजे बर्फातल्या खोल भेगा, वरून कधीकधी पातळ बर्फाने झाकलेल्या. 15 अंशांची चूक एक किलोमीटरवर साधारण 260 मीटर बाजूला नेते. आणि ज्याने मिळवले त्याची खरी दिशा 210, चूक 15 ची नाही तर 30 अंशांची, एका किलोमीटरवर अर्धा किलोमीटर बाजूला. म्हणून मी म्हणतो, चिन्ह उलटं घेणं हे दुरुस्ती न करण्यापेक्षा वाईट, दुप्पट वाईट.

आम्ही 165 वर उतरलो. एकाला पुढे दिसेल तेवढं पाठवायचं, मागून कंपासवाल्याने त्याला डावीकडे-उजवीकडे करून रेषेवर आणायचं, मग सगळ्यांनी त्याच्यापर्यंत जायचं, परत तेच. तासाभराने ढग फाटला आणि आम्ही नीट वाटेवर होतो.

आता प्रत्यक्ष हाताने कसं करायचं. नकाशावर बेसप्लेटची कड जिथून जायचं आणि जिथे जायचं त्या दोन बिंदूंवर टेकवा, प्रवासाचा बाण जायच्या बाजूला. डायल फिरवून आतल्या समांतर रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना जुळवा, N नकाशाच्या वरच्या बाजूला. या वेळी सुईकडे बघायचंच नाही, ती काय करतेय त्याच्याशी देणंघेणं नाही. आकडा वाचा, वजा करा, डायल नव्या आकड्यावर आणा, मग कंपास आडवा धरून स्वतः फिरा, लाल टोक N च्या खुणेत आलं की समोर तुमची दिशा. नकाशावर यूटीएमची निळी-काळी जाळी असेल तर तिची उत्तर रेनिअरजवळ खऱ्या उत्तरेपेक्षा एक अंशभर वेगळी असते, पण तेवढ्याने इथे फरक पडत नाही, ते सोडून द्या.

ज्यांना उतारावर बेरीज-वजाबाकी नकोच त्यांच्यासाठी घरीच करायची एक गोष्ट. कंपास पालथा करा, डायलच्या पारदर्शक तळावर मधल्या बिंदूपासून 15 च्या आकड्यापर्यंत चिकटपट्टीची बारीक पट्टी लावा. आता डायलवर नकाशाचे 180 तसेच ठेवायचे आणि सुई N ऐवजी त्या पट्टीवर आणायची. दिशा तीच येते. महाग कंपासला मागे छोटा स्क्रू असतो, त्याने आतला बाण 15 वर सरकवता येतो, ते उत्तमच. पण मग वजा करायचे नाहीत! स्क्रू फिरवून परत डोक्यात 15 वजा करणारे लोक मला भेटलेत. फोनचंही तसंच, आयफोनच्या सेटिंगमध्ये `Use True North` चालू असेल तर फोन आधीच दुरुस्ती करून आकडा दाखवतो, ते बंद असेल तर चुंबकीय.

तुमचा कंपास बरोबर लावलाय का हे तपासायची जागा त्याच वाटेवर आहे. स्वच्छ हवा असेल तर कॅम्प म्यूअरवरून दक्षिणेला दोन मोठे ज्वालामुखी दिसतात, डावीकडे माउंट अ‍ॅडम्स, उजवीकडे सेंट हेलेन्स. नकाशावर म्यूअरवरून अ‍ॅडम्सची दिशा साधारण 165 भरते. दुरुस्ती न केलेल्या कंपासने अ‍ॅडम्सकडे नेम धरा, आकडा 150 च्या आसपास आला पाहिजे. 135 आला तर तुमचं चिन्ह किंवा स्क्रू उलटा आहे. आणि 165 च येत असेल तर स्क्रू बरोबर सरकवलेला आहे, त्यात आता अजून काही वजा करायचं नाही. हे वर पोचल्यावर, चहा पिताना करायचं, ढग यायच्या आधी. तेव्हा आईसअ‍ॅक्स, ट्रेकिंग पोल, फोन बाजूला ठेवा. लोखंड जवळ असेल तर सुई भलतीकडेच ओढली जाते.

यावरून अलिबागची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत होत्या, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, बांधकामात लोखंड न वापरता. आणि दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी एकदम घेतल्या, की जोडताना फरक कळावा. एवढी काळजी त्यांनी घेतली आणि आपण बर्फात आईसअ‍ॅक्स कंपासला टेकवून आकडा वाचतो.

शेवटचं, तो 15 आकडा कुठून आणायचा. नकाशाच्या समासात छोटी आकृती असते, दोन-तीन बाणांची, तिच्याजवळ कोन आणि साल लिहिलेलं असतं. साल वाचा. सिएटलच्या आसपास 1970 च्या सुमारास हा कोन 22 अंशांच्या घरात होता, आज 15, कारण पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड हलत राहतं आणि क्षेत्र बदलत राहतं. इकडे दरवर्षी साधारण दशांश एक अंश कमी होतोय. जुन्या दुकानातून किंवा कुणाच्या कपाटातून आलेल्या नकाशावरचा आकडा तसाच लावलात तर सहा-सात अंशांची चूक पुन्हा घरात. अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर आहे, जागा आणि तारीख टाका, आजचा कोन मिळतो. त्यामागचं वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल दर पाच वर्षांनी नवं करतात, सध्याचं 2025 चं आहे. तो आकडा मी निघायच्या आदल्या रात्री बघतो आणि पेनाने नकाशाच्या कोपऱ्यात लिहितो, असा: 15 पू, नकाशा ते कंपास वजा. ज्यांनी आज नकाशे आणलेत त्यांनी आत्ताच लिहा, मी टेबलांमधून फिरतो, आणि ज्यांनी पुण्याहून कंपास आणलाय त्यांनी मला दाखवा, भारतातल्या झोनसाठी तोललेली सुई इथे एका बाजूला कलून तळाला घासते, ती मोकळी फिरतेय का ते बघू.