चुकीच्या नंबरवरचा नमस्कार

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइलवर अनोळखी नंबरवरून निरोप येतो, ‘हाय प्रिया, रविवारचं जेवण नक्की ना?’ आपण प्रिया नाही आणि रविवारी आपल्याला कुणी जेवायलाही बोलावलेलं नाही. अशा वेळी उत्तर द्यावं का? द्यावं. पण एकच, आणि एका ओळीचं. ‘हा नंबर चुकीचा आहे, कृपया तपासून घ्या.’ संपलं. त्यात आपलं नाव नको, गाव नको आणि ‘कोण हवंय आपल्याला?’ असा प्रश्न तर मुळीच नको.

चुकून आलेले खरे निरोप असतातच. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान 90 दिवस बाजूला ठेवून मग दुसऱ्या ग्राहकाला देतात. त्यामुळे तुमच्या नव्या सिमवर आधीच्या मालकाच्या आत्याचे निरोप येऊ शकतात. ‘रक्ताची पिशवी मिळाली, लगेच निघ’ असा निरोप चुकून आपल्याकडे आला तर तो चुकीच्या जागी पोचलाय हे समोरच्याला कळायलाच हवं. खरं तर निरोपाखाली नाव लिहायची पद्धत परत आणली पाहिजे. आंतर्देशीय पत्रात शेवटी जागा उरली नाही तर लोक कडेच्या पट्टीवर आडवं लिहायचे, पण नाव लिहायचेच. आता सूर्योदयाचं चित्र येतं, त्यावर गुलाब येतो, पण पाठवणाऱ्याचं नाव काही येत नाही. असो.

आता आमच्या नानांची गोष्ट सांगतो. नाना म्हणजे साताऱ्यातले आमचे शेजारी. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी चार मिनिटं उशिरा लागली तरी वहीत नोंद करणारा माणूस. पत्नी गेल्यापासून एकटेच राहतात, मुलगा बंगळुरूला. त्यांना हाच निरोप आला, प्रियाचा. आणि नानांनी उत्तर काय पाठवलं? ‘सप्रेम नमस्कार. आपला निरोप चुकून मजकडे आला आहे. मी प्रिया नसून एसटीतून सेवानिवृत्त झालेला गृहस्थ आहे, मुक्काम सातारा. मैत्रिणीचा क्रमांक तपासून घ्यावा. कळावे.’

बघा, नानांनी सभ्यपणाच केला. पण पलीकडच्याला काय मिळालं? माणूस निवृत्त आहे, म्हणजे गाठीला फंडाचे पैसे असणार. राहतो कुठे, तेही कळलं. आणि अनोळखी माणसाला इतकं सविस्तर लिहितो, म्हणजे वेळही भरपूर आहे.

खरी चूक असती तर ‘सॉरी’ येऊन विषय मिटला असता. इथे लगेच उत्तर आलं, ‘मी खूप माफी आहे. तुम्ही फार दयाळू मनुष्य आहात. ही भेट नशिबाने केली आहे.’ सोबत एका बाईंचा फोटो. सिंगापूरला व्यवसाय करते म्हणाल्या. मग रोज दुपारी निरोप, ‘तुम्ही तुमचे दुपारचे जेवण खाल्ले आहे का?’ अशी मराठी घरात कोण बोलतं? पण नाना मला म्हणाले, ‘अरे, जेवलात का एवढं तरी कुणीतरी विचारत होतं.’ यावर काय बोलणार?

पैशाचं नाव बरेच दिवस निघालं नाही. मग एकदा सहज विषय निघाला, की माझे काका सोन्याच्या भावाचा अचूक अंदाज सांगतात. एक लिंक आली, लिंकवरून अॅप आलं. नानांनी 5,000 रुपये घातले, स्क्रीनवर 5,900 झाले. काढून बघितले तर बँकेत खरंच आले! गळाला लावलेलं आमिष ते हेच. पहिली रक्कम परत मिळते ती पुढची मोठी यावी म्हणून. नानांनी मग 25,000 रुपये तीनदा भरले.

तिसऱ्यांदा भरताना नियंत्रकाची नजर जागी झाली. पैसे कंपनीच्या नावावर जातच नव्हते. पहिल्यांदा एका माणसाच्या खात्यात गेले, दुसऱ्यांदा भलत्याच, तिसऱ्यांदा आणखी तिसऱ्याच्या. नानांनी तिन्ही नावं वहीत लिहून ठेवली. स्क्रीनवर तोवर 2,10,000 दिसत होते. काढायला गेले तर उत्तर आलं, आधी वीस टक्के कर भरा, 42,000 रुपये, मग पैसे सुटतील. नाना खवळले. ‘मला इतकी वर्षं पगार मिळाला. कर त्यातून कापून घ्यायचे. आधी घरून कराचे पैसे आण, मग पगार देतो, असं कुणी म्हटलं नाही!’

त्याच संध्याकाळी त्यांनी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. वही हाताशी होतीच. तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराचा नंबर, सगळं घडाघडा सांगितलं. शेवटचे 25,000 त्या खात्यात अजून पडून होते, ते तिथेच गोठवले. आधीचे 50,000 कधीच पुढच्या खात्यांत पांगले होते, त्यांचा पत्ता नाही. फोटोतल्या बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशीही जेवण खाल्ले आहे का, असं विचारलं.

तिकडे निरोप लिहायला बहुधा त्या बाई नसतातच. कंबोडियात, म्यानमारच्या सीमेवर कुंपण घातलेली आवारं आहेत, तिथे बसून हे उद्योग चालतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 मध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसांना असं जबरदस्तीने राबवलं जात असावं. नोकरीच्या आमिषाने नेलेली आपल्याकडची मुलंही तिथे अडकली आहेत. म्हणून चिडून शिव्या लिहू नका. शिवी हेही उत्तरच, आणि त्यांना संभाषण चालू राहिलं म्हणजे पुरतं.

तेव्हा पुन्हा सांगतो. आपलं उत्तर एकदाच, एका ओळीचं. खरी परीक्षा पुढच्या निरोपाची. ‘सॉरी’ म्हणून माणूस गेला, तर तो खरंच चुकला होता. पण चूक कळल्यावरही तो बोलत राहिला, तुमचं कौतुक केलं, नाव विचारलं, फोटो पाठवला, तर तो प्रियाला शोधत नव्हता. तिथे दुसरं उत्तर नाही. आणि कुणी म्हणालं, की माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे गेलाय, तेवढा पाठवा, तर तो कोड बहुतेक तुमच्याच व्हॉट्सअॅपचा असतो. तो दिला की तुमचं खातं त्याच्या हातात.

असा नंबर व्हॉट्सअॅपमध्ये ब्लॉक करतानाच ‘रिपोर्ट’ही करा. पैसे गेले असतील तर मात्र घाईघाईने चॅट पुसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, मग 1930. एक, नऊ, तीन, शून्य. उद्या सकाळी करू म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायला एक रात्र खूप होते. फोन लागला नाही तर cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवता येते. तिथे व्यवहाराचा नंबर विचारतात, तो बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा यूपीआय अॅपच्या हिस्टरीत सापडतो.