सरेंडर चार्ज परत मागताना

श्रोतेहो, नमस्कार.

युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, बंद करताना कापलेले पैसे, म्हणजे सरेंडर चार्ज, परत मिळतात का, असं बरेच जण विचारतात. मिळू शकतात. पण तक्रार कशी मांडली यावर बरंच अवलंबून असतं.

असं धरू या, साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची एफडी संपली. ओळखीचा एजंट म्हणाला, "ताई, एकदाच लाख रुपये भरा, तीन वर्षांत केव्हाही काढा, एफडीपेक्षा जास्त मिळतील." वर्षभरानं दुसऱ्या लाखाच्या हप्त्याचा एसएमएस आला, तेव्हा कळलं की पॉलिसी दरवर्षी हप्ता भरायची आहे. बाईंनी हप्ता भरला नाही. सवलतीची मुदत संपली आणि कंपनीनं सुमारे चार हजार रुपये कापून उरलेली रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात टाकली.

बाईंचा सगळा राग त्या चार हजारांवर होता. खरं तर या आकाराला नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, मर्यादा घातलेली आहे. वार्षिक हप्ता पन्नास हजारांच्या वर असेल, तर दुसऱ्या वर्षी जास्तीत जास्त 4 टक्के आणि तेही 5,000 रुपयांच्या आत. पाचव्या वर्षापासून काहीच कापता येत नाही. मोठं नुकसान दुसरीकडेच असतं. हप्ता भरताक्षणी त्यातून प्रीमियम अलोकेशन चार्ज, म्हणजे पैसे गुंतवण्याआधीच कापला जाणारा आकार, गेलेला असतो, मग दर महिन्याला विम्याचा खर्च आणि प्रशासनाचा आकार युनिट विकून वळता होतो. आणि उरलेले पैसे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत हातात येत नाहीत, तोवर त्यावर किमान 4 टक्के व्याज मिळतं.

म्हणून नुसतं "सरेंडर चार्ज परत द्या" असं लिहू नका. कंपनीचं उत्तर तयार असतं: आकार नियमाप्रमाणे घेतला आहे. आणि ते खरंही असतं. मागणी अशी लिहा: "खोटी माहिती देऊन ही पॉलिसी विकली आहे, ती सुरुवातीपासून रद्द करून भरलेला हप्ता कोणतीही वजावट न करता परत करावा." पॉलिसीच रद्द झाली, तर आकार लावायला आधारच उरत नाही. आणखी एक, तक्रारीचा निकाल लागण्याआधी "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" अशा कागदावर सही करू नका.

आता पुरावा. एजंट तोंडी बोलला, ते सिद्ध कसं करायचं? त्याचे व्हॉट्सॲप मेसेज असतील तर उत्तमच, ते जपून ठेवा. नसतील, तर कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: प्रपोजल फॉर्मची प्रत, सही केलेला लाभांचा तक्ता आणि पॉलिसी देण्याआधी आलेल्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग. फॉर्म बारकाईनं वाचा. बाईंच्या फॉर्ममध्ये व्यवसाय "व्यापार", उत्पन्न आठ लाख आणि मोबाइल नंबर एजंटचा असेल, तर फॉर्म कोणी भरला हे वेगळं सांगावं लागत नाही. रेकॉर्डिंग मात्र उलटूही शकतं. "सगळ्याला हो म्हणा" असं एजंटनं शिकवलेलं असतं, आणि "दरवर्षी हप्ता भरायचा आहे, मान्य?" याला तुमचा होकार ऐकू आला, तर तक्रार कमकुवत होते. पॉलिसीचे कागद हातात कधी पडले तेही नोंदवा. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करण्याचा हक्क आहे, आणि एजंट ते कागद स्वतःकडे ठेवून नेमकी हीच मुदत घालवतात. मला यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवता येते, पण तिथून ती कंपनीकडेच जाते, निवाडा होत नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, बाजू स्वतःच मांडायची. नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं, आणि तोच दावा ग्राहक आयोगात चालू असेल, तर लोकपाल तो घेत नाहीत.

"फंड खाली गेला" हे कारण लोकपालांपुढे टिकत नाही. बाजार पडणं ही फसवणूक नव्हे. "एकदाच भरायचं सांगून दरवर्षीची पॉलिसी दिली" हे टिकू शकतं, आणि सत्तरीच्या पेन्शनरला दरवर्षी लाखाचा हप्ता परवडणारच नाही, हे पासबुकावरून दाखवता येतं.

लोकपाल दर वेळी पूर्ण परतावाच देतात असं नाही. काही प्रकरणांत ते मधला मार्ग काढतात: तीच पॉलिसी एकरकमी हप्त्याची करून द्यायची, म्हणजे पुढचे हप्ते नाहीत, बंद केल्याचा आकार नाही, पण पैसे पाच वर्षं अडकलेले. हे आपल्याला चालेल का, याचा विचार सुनावणीला जाण्याआधीच घरी करून ठेवा. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाचा रस्ता तुमच्यासाठी उघडा राहतो.