तेलाचा सण, आणि तो उशिरा कळलेले तेली

(दृश्य: संध्याकाळ. सोसायटीचा जिना. एका दाराच्या उजव्या चौकटीवर तिरपी लावलेली छोटी डबी.)

चौकटीवरची ही डबी म्हणजे मेझुझा. ती दिसली की समजायचं, घर ज्यूंचं आहे. आडनाव पेणकर असेल, रोहेकर असेल, नाहीतर दिवेकर. घरातली भाषा मराठी. आम्ही बेने इस्राएल. डिसेंबरच्या आसपास आमच्या खिडकीत एके दिवशी दोन ज्योती दिसतात, दुसऱ्या दिवशी तीन, मग चार. शेजारी विचारतात, "काय हो, तुमची दिवाळी का?" हो म्हणून टाकणं सोपं असतं, आणि आम्ही बऱ्याचदा म्हणूनही टाकतो. आज जरा नीट सांगतो.

सणाचं नाव हनुक्का. हिब्रू पंचांगात किसलेव्ह महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आठ रात्री चालतो. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून पहिला दिवा आदल्या संध्याकाळी लागतो. या सणाला सुट्टी नसते. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, त्यासारखं काम बंद नाही, उपास नाही. माणसं ऑफिसला जातात, मुलं शाळेत जातात, आणि संध्याकाळी घरी येऊन दिवे लावतात.

(दृश्य: जेरुसलेमचा जुना दगडी कोट.)

गोष्ट इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. जेरुसलेमवर सिरियातल्या ग्रीक राजघराण्याची सत्ता होती आणि गादीवर होता चौथा अँटायोकस. त्याने शब्बाथ पाळायला बंदी केली, मुलांची सुंता करायला बंदी केली, आणि इ.स.पू. १६७ मध्ये जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देव झ्यूसची पूजा सुरू केली. वेदीवर डुकरांचे बळी दिले गेले. मोदीन नावाच्या गावात मत्तथिया हा म्हातारा पुरोहित त्याविरुद्ध उभा राहिला. तो आणि त्याचे पाच मुलगे डोंगरात गेले. मत्तथिया लवकरच वारला आणि नेतृत्व त्याच्या यहूदा मक्काबी या मुलाकडे आलं.

ही लढाई फक्त ज्यू विरुद्ध ग्रीक अशी नव्हती, हे सांगताना बरेचदा गाळलं जातं. जेरुसलेममधल्या कित्येक ज्यूंना ग्रीक रीतीभाती आवडल्या होत्या. पुरोहितांतलीच काही मंडळी राजाच्या बाजूने होती. घराघरांतही दोन पक्ष होते.

इ.स.पू. १६४ मध्ये यहूदाच्या माणसांनी मंदिर ताब्यात घेतलं. विटाळलेल्या वेदीचे दगड काढून बाजूला ठेवले, नवी वेदी बांधली आणि किसलेव्हच्या २५ तारखेला मंदिराचं पुन्हा समर्पण केलं. तेव्हा लढाई संपलेली नव्हती. मंदिराला लागूनच असलेल्या किल्ल्यात ग्रीक शिबंदी तशीच बसून होती, आणि ती हलवायला इ.स.पू. १४१ उजाडलं. पहिले दिवे लागले ते शत्रूच्या डोळ्यांदेखत.

आता तेलाची गोष्ट. मंदिरातल्या दीपवृक्षाला शुद्ध ऑलिव्ह तेल लागायचं. सापडली फक्त एक कुपी, महायाजकाची मोहर शाबूत असलेली. तेल एका दिवसापुरतं. नवं तेल तयार होईपर्यंत ते आठ दिवस पुरलं.

ही गोष्ट प्रत्येक ज्यू मुलाला ठाऊक असते. पण लढाईची हकीगत सांगणाऱ्या मक्काबींच्या जुन्या ग्रंथांत ती नाही. ती येते तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात, कित्येक शतकांनंतर. मक्काबींचा दुसरा ग्रंथ आठ दिवसांचं वेगळंच कारण देतो: लढाईमुळे मांडवांचा सण, सुक्कोथ, वेळेवर करता आला नव्हता, तो उशिरा आठ दिवस साजरा केला. माझं मत विचाराल तर हे कारण जास्त पटण्यासारखं आहे. पण मुलांना सांगायला मी कुपीच घेतो. आणि तिथेही चौकस मुलगा अडवतोच: एका दिवसाचं तेल होतंच ना, मग चमत्कार सातच दिवसांचा झाला! सोळाव्या शतकात योसेफ कारो या धर्मपंडितांनी हाच प्रश्न लिहून ठेवला, आणि तेव्हापासून त्याला उत्तरांवर उत्तरं दिली जात आहेत.

(दृश्य: अलिबागजवळचं नवगाव. समुद्र. स्मारकाचा खांब.)

आता आमच्या घरची बाजू. आमच्यात सांगतात, की पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात जोडपी वाचली. ती कोकणातल्या गावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे शनिवार तेली.

या शनिवार तेल्यांचे सण होते, पण त्यांची नावं मराठी होती. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण. बिरड्यांचा सण म्हणजे मंदिर पाडलं गेल्याच्या दुःखाचा दिवस. त्या दिवशी मोड आलेल्या वालांचं बिरडं व्हायचं. या यादीत हनुक्काला नाव नाही, कारण हनुक्का नव्हताच. पिढ्यान् पिढ्या तेल गाळणाऱ्या लोकांना तेलाच्या चमत्काराचा सण माहीत नव्हता! तो कळला अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांमुळे आणि हिब्रू ग्रंथ हाती आल्यावर.

आमच्या समाजाचे इतिहासकार हाएम सामुएल केहीमकर यांना यात पुरावा दिसला. हनुक्का इ.स.पू. १६४ चा. तो ठाऊक नाही, याचा अर्थ पूर्वज त्याआधीच निघाले असणार. त्यांनी इ.स.पू. १७५ च्या सुमाराचा काळ धरला, म्हणजे अँटायोकस गादीवर आला तेव्हाचा. तर्क देखणा आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. इथिओपियातले ज्यूही परंपरेने हनुक्का पाळत नव्हते. ग्रंथ आणि पुरोहित हाताशी नसतील, तर एखादा सण विसरलाही जातो. आम्ही कधी आलो याचा समकालीन लेखी पुरावा नाही.

(दृश्य: टेबल. नऊ खाचांची पितळी हनुकिया. शेजारी मेणबत्त्यांचा खोका.)

ही हनुकिया. नऊ जागा दिसतात, त्यातली एक इतरांपेक्षा उंच किंवा जरा बाजूला. तो शमाश, म्हणजे सेवक दिवा. आधी तो पेटवायचा आणि त्याने बाकीचे लावायचे. त्याचं आणखी एक काम आहे. सणाच्या दिव्यांचा उजेड नुसता पाहायचा असतो, वापरायचा नसतो. त्या उजेडात हिशेब करायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. चुकून उजेड वापरला गेलाच, तर तो शमाशचा धरता यावा म्हणून तो वेगळा. त्यामुळे शेजाऱ्यांना एक विनंती: या ज्योतींवर उदबत्ती पेटवू नका.

पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असं आठपर्यंत. यावरही शम्माई आणि हिलेल या दोन जुन्या धर्मगुरूंच्या पंथांत वाद झाला होता. शम्माईच्या पंथाचं म्हणणं, आठापासून सुरू करा आणि रोज एक कमी करा. हिलेलच्या पंथाचं म्हणणं, पवित्र गोष्टीत वर चढायचं, खाली उतरायचं नाही. हिलेलचं म्हणणं टिकलं. एक ते आठची बेरीज छत्तीस, रोजचा एक शमाश धरून आणखी आठ. म्हणून खोक्यात चव्वेचाळीस मेणबत्त्या असतात.

मेणबत्त्या आपल्या उजव्या हाताकडून मांडत जायच्या, आणि पेटवताना मात्र सर्वांत डावीकडची, म्हणजे त्या दिवशीची नवी, आधी पेटवायची. नवख्या पाहुण्याला हे नेहमी उलटं वाटतं. पहिल्या रात्री तीन आशीर्वाद म्हणतात, नंतर रोज दोन. तिसरा आशीर्वाद हंगामातल्या पहिल्या वेळेचा, तो पुन्हा येत नाही. हनुकिया रस्त्याकडच्या खिडकीत किंवा दाराशी ठेवायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावी म्हणून. जिथे धोका असेल तिथे घरात टेबलावर ठेवली तरी चालते, अशी सूटही धर्मशास्त्रात आहे, आणि युरोपात ती फार वापरावी लागली. कोकणात आमच्यावर तशी वेळ आली नाही.

आता २०२६ सालचं उदाहरण घेऊ, कारण त्यात एक पेच आहे. पहिली रात्र ४ डिसेंबर, शुक्रवार. शुक्रवारी सूर्यास्तापासून शब्बाथ लागतो आणि मग काडी ओढता येत नाही. मुंबईत त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. शब्बाथचे दिवे त्याच्या १८ मिनिटं आधी लावायची रीत आहे, आणि हनुक्काची ज्योत त्याच्याही आधी. म्हणजे साडेपाच वाजून गेले की लागलीच. पण अंधार पडल्यावर अर्धा तास तरी ती जळती असायला हवी. नेहमीची बारीक मेणबत्ती जेमतेम अर्धा तास टिकते, ती शुक्रवारी अंधार पडता पडताच संपेल. म्हणून त्या दिवशी जाड मेणबत्ती लावा, नाहीतर वाटीत तेल जास्त घाला. सव्वा ते दीड तास पुरलं पाहिजे. शनिवारी उलट: तारे दिसून शब्बाथ संपल्यावरच काडी पेटते, म्हणून खिडकीत उशिरा उजेड दिसतो.

(दृश्य: कढई. तेलात पडणारा घाणा.)

खाण्यात तेलाची आठवण म्हणून तळण. पूर्व युरोपातले ज्यू बटाट्याचे लाटके तळतात, इस्राएलमध्ये सुफगानियोत, म्हणजे आत जॅम भरलेले डोनट, मिळतात. आपल्याकडे तळणाची कमी कधीच नव्हती, भज्यांनी काम भागतं. मुलं चार बाजूंचा भोवरा खेळतात, तो युरोपातून आलेला. त्यावर चार हिब्रू अक्षरं असतात, आणि जे वर येईल त्याप्रमाणे डावातलं सगळं घ्यायचं, अर्धं घ्यायचं, काहीच नाही, किंवा उलट पदरचं टाकायचं.

शेजारी हमखास पेढे घेऊन येतात. आणा, जरूर आणा. फक्त त्या रात्री घरात कोंबडी शिजली असेल, तर पेढे लगेच तोंडात टाकले जाणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. मांस आणि दूध आम्ही एकत्र खात नाही. म्हणूनच आमच्या गोडाधोडात नारळाचं दूध एवढं वापरलं जातं. नारळाच्या वड्या आणल्यात, तर प्रश्नच नाही.

आठवी रात्रही शुक्रवारीच येते, ११ डिसेंबरला. त्या दिवशी शमाशसह नऊच्या नऊ ज्योती दिवसाउजेडी लावाव्या लागतील. वाटीत उरलेलं तेल पुढे घरात वापरायचं नसतं, सण सरल्यावर ते जाळून टाकतात. शब्बाथ असल्यामुळे त्याला शनिवारची रात्र उजाडेल. तेव्हा दिवे लागताना पाहायचे असतील, तर दोन्ही शुक्रवारी साडेपाचच्या आत या. इतर दिवशी अंधार पडल्यावर आलात तरी चालेल, बेल वाजवा.